धर्मसंघटनांचे चार प्रकार: तक्त्याने न सुटणारा प्रश्न

‘चर्च, डिनॉमिनेशन, सेक्ट आणि कल्ट यांतील फरक स्पष्ट करून धर्माची सामाजिक कार्ये सांगा’ अशा आशयाचा प्रश्न समाजशास्त्राच्या पदवी परीक्षेत, सेट-नेटच्या तयारीत आणि लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयात फिरून फिरून समोर येतो. त्याचे उत्तरही ठरलेल्या साच्यात लिहिले जाते. आधी चार रकान्यांचा तक्ता येतो: चर्च मोठे, सेक्ट लहान, चर्च राज्यसंस्थेशी जुळवून घेणारे, सेक्ट बंडखोर, डिनॉमिनेशन मध्यममार्गी, कल्ट एका करिष्मावान गुरूभोवती जमलेले. तक्ता संपला की रेघ मारून कार्यांची यादी सुरू होते: सामाजिक ऐक्य, सामाजिक नियंत्रण, मानसिक आधार, जगण्याला अर्थ. यातले एकही विधान धडधडीत खोटे नाही, तरीही हे उत्तर कच्चे राहते, कारण त्याच्या दोन्ही भागांचा एकमेकांशी काहीच संबंध लागत नाही. माझे म्हणणे असे आहे की चर्च, सेक्ट वगैरे नावे एखाद्या संघटनेच्या अंगच्या गुणांची नाहीत; ती संघटना आणि तिच्या भोवतालचा समाज यांच्यातल्या संबंधांची आहेत. हा संबंध काळाप्रमाणे आणि स्थळाप्रमाणे बदलतो, आणि तो बदलला की धर्म कोणासाठी कोणते कार्य करतो हेही बदलते. हे दाखवता आले की प्रश्नाचे दोन्ही भाग आपोआप एकत्र येतात.

मराठी पाठ्यपुस्तकांत ‘पंथ’ हा शब्द कधी सेक्टसाठी तर कधी कल्टसाठी वापरलेला दिसतो, म्हणून या लेखात चारही मूळ संज्ञाच ठेवल्या आहेत.

मांडणीचा उगम माक्स वेबर यांच्याकडे जातो. त्यांनी धरलेला भेद आकाराचा नव्हता, प्रवेशाचा होता. चर्चमध्ये माणूस जन्माने येतो. बाळाला बाप्तिस्मा दिला जातो आणि पुढे तो माणूस पुण्यवान निघो की पापी, चर्च त्याला आपलाच मानते. सेक्टमध्ये माणूस प्रौढपणी, स्वतःच्या निर्णयाने येतो आणि तेथील लोक त्याची पारख करून त्याला आत घेतात. वेबर यांचे सहकारी एर्न्स्ट ट्रोल्च यांनी १९१२ मध्ये हा भेद ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर विस्ताराने लावला आणि त्याला तिसरा प्रकार जोडला, तो म्हणजे व्यक्तिगत गूढवादाचा. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड नीबूर यांनी सेक्टचे डिनॉमिनेशनमध्ये रूपांतर कसे होते ते मांडले, आणि १९३२ मध्ये हॉवर्ड बेकर यांनी ट्रोल्च यांच्या तिसऱ्या प्रकारातून कल्टची संकल्पना पुढे आणली. चारही नावे अशी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या प्रश्नांच्या मागे जाताना घडवलेली आहेत. त्यांना एकाच तक्त्यात समान रकाने द्यावेत, असा त्यांचा जन्म नाही.

वेबर १९०४ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हाचा त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. उत्तर कॅरोलायनात राहणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांबरोबर ते बॅप्टिस्ट नावाच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती गटाचा बाप्तिस्मा पाहायला गेले होते. हवा थंड होती आणि माणसे एकामागून एक गार पाण्यात बुडी घेत होती. त्यांतल्या एका तरुणाकडे पाहून नातेवाईक म्हणाला की हा येणार हे मला ठाऊकच होते. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की त्याला गावात बँक काढायची आहे. बॅप्टिस्टांची संख्या तेवढ्याने बँक चालावी इतकी मोठी नव्हती. मात्र बॅप्टिस्ट मंडळी कोणाला आत घेण्यापूर्वी त्याच्या वागण्याची, देण्याघेण्याची, व्यसनांची कसून चौकशी करतात हे सर्वांना माहीत होते, आणि त्या चौकशीतून पार पडलेल्या माणसाकडे इतर लोकही निर्धास्तपणे ठेवी ठेवणार होते. जिथे जन्माने प्रवेश मिळतो तिथे सदस्यत्वातून माणसाच्या विश्वासार्हतेविषयी काहीच कळत नाही. जिथे पारख करून प्रवेश मिळतो तिथे सदस्यत्व हेच पतपत्र होते. संघटनेचा प्रकार आणि धर्माचे कार्य किती घट्ट बांधलेले असतात, याचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रकार म्हणजे संबंध, हे पाहायला मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. गोव्यातील रोमन कॅथलिक धर्मसंघटना घ्या. पोर्तुगीज सत्तेखाली तिला राजसत्तेचा आश्रय होता, बिशपांच्या नेमणुकीत राजाचा शब्द चालत होता, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, धर्मन्यायासन तिथे बसलेले होते. ट्रोल्च यांच्या अर्थाने ते ठळक चर्च होते. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९११ च्या कायद्याने धर्मसंस्था आणि राज्यसंस्था वेगळ्या केल्या, आणि १९६१ नंतर तीच संघटना धर्मनिरपेक्ष भारतातील अनेक धर्मसमुदायांपैकी एक झाली. याच कॅथलिक संघटनेचे इंग्लंडमधील अनुयायी १८२९ पर्यंत संसदेत बसू शकत नव्हते, आणि अमेरिकेत ती आरंभापासून इतर अनेकांसारखी एक डिनॉमिनेशन म्हणूनच वावरली. पोप तोच, मिस्सा तीच, सिद्धान्त तेच. तरी गोव्यात ती एका काळी चर्च होती आणि आज नाही. ‘रोमन कॅथलिक म्हणजे चर्च’ असे उदाहरण लिहिणारा विद्यार्थी म्हणूनच अर्धेच सांगतो. कोणत्या देशातले आणि कोणत्या शतकातले कॅथलिक, हे सांगितल्याशिवाय त्या उदाहरणाला अर्थ येत नाही.

आता सेक्टपासून डिनॉमिनेशनपर्यंतचा प्रवास एका उदाहरणात नीट पाहू. मला त्यासाठी इंग्लंडमधील मेथडिझमइतके चांगले उदाहरण माहीत नाही, कारण त्याच्या नोंदी भरपूर आहेत आणि त्याचे प्रत्येक वळण तारखेनिशी दाखवता येते.

मेथडिझमचे प्रवर्तक जॉन वेस्ली हे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, म्हणजे अँग्लिकन, पाद्री होते आणि १७९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अँग्लिकनच राहिले. १७३९ मध्ये त्यांनी ब्रिस्टल परिसरात उघड्यावर प्रवचने द्यायला सुरुवात केली, तेव्हा ऐकायला येणाऱ्यांत कोळशाच्या खाणीतले मजूर मोठ्या संख्येने होते. प्रचलित चर्चच्या बाकांवर या माणसांना फारशी जागा नव्हती. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्याच प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी सदस्यांचे साधारण बारा-बारांचे गट केले गेले. प्रत्येक गटाचा म्होरक्या घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करी. पैसे गोळा करता करता कोण दारू पितो, कोण बायकोला मारतो हेही त्याच्या कानावर येऊ लागले, आणि वर्गणीसाठी केलेली सोय शिस्तीचे साधन बनली. दर तिमाहीला सदस्यत्वाचे तिकीट नव्याने मिळे. ज्याचे वागणे बिघडले असेल त्याला ते मिळत नसे.

मार्च १७४३ मध्ये वेस्लींनी न्यूकॅसलच्या मंडळीची झाडाझडती घेतली आणि तिचा तपशील दैनंदिनीत लिहून ठेवला. चौसष्ट जणांना काढून टाकण्यात आले होते. त्यांपैकी १७ जण दारूबाजीसाठी, २ जण मद्यविक्रीसाठी, ३ जण भांडणतंट्यासाठी, ३ जण सवयीने खोटे बोलण्यासाठी, ४ जण निंदानालस्तीसाठी, एक जण बायकोला मारल्याबद्दल आणि एक जण आळसाबद्दल गेला. शिव्याशाप देण्यासाठी आणि रविवार न पाळण्यासाठी प्रत्येकी दोघे गेले. सर्वांत मोठा आकडा मात्र २९ चा आहे, आणि तो थिल्लरपणा व बेफिकिरीसाठी आहे. ज्या संघटनेत जन्माने प्रवेश मिळतो तिला केवळ बेफिकीर माणसाला बाहेर काढणे परवडतच नाही, कारण तसे केले तर मागे फारसे कोणी उरणार नाही. सेक्टमध्ये मात्र बेफिकिरी हाच मोठा अपराध ठरतो.

त्याच नोंदीत दुसरी यादी आहे, ती स्वतःहून सोडून गेलेल्या ७६ जणांची. माझ्या मते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही यादी पाठ करावी इतकी ती मोलाची आहे. चौदा जण गेले, कारण ते मेथडिस्टांत राहिले तर त्यांचे आधीचे धर्मगुरू त्यांना प्रभुभोजन देणार नव्हते. बारा जणांच्या आईवडिलांचा विरोध होता, नऊ जणांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा, आणि पाच जणांना त्यांचे मालक येऊ देत नव्हते. नऊ जणांना लोकांनी हसावे हे सहन होत नव्हते. तिघांना गरिबांना मिळणारी मदत बंद होण्याची भीती होती. सेक्ट आणि समाज यांच्यातला ताण म्हणजे काय, ते येथे दिसते: घरातला विरोध, धन्याचा धाक, रस्त्यावरची टिंगल आणि बुडणारी मदत. बेंटन जॉन्सन यांनी १९६३ मध्ये सुचवले की लांबलचक लक्षणे सोडून द्यावीत आणि एकच कसोटी ठेवावी, ती म्हणजे भोवतालच्या समाजव्यवस्थेला गट स्वीकारतो की नाकारतो. त्यांच्या दोनशे वीस वर्षे आधी वेस्लींनी नकळत त्या कसोटीचे मोजमाप करून ठेवले होते.

मग हा ताण ओसरला कसा? त्याचे बीज सेक्टच्या यशातच होते, आणि वेस्लींना ते हयातीतच दिसले होते. धर्माने माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, कष्ट आणि काटकसर यांतून संपत्ती येते, आणि संपत्ती वाढली की धर्माचा कस उतरतो, अशा आशयाची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. वेबर यांनी ती पुढे आवर्जून उद्धृत केली. दारू सुटलेला खाणमजूर चार पैसे बाळगू लागला, त्याचा मुलगा दुकानदार झाला आणि नातू नगरपालिकेत बसू लागला. शिवाय मुलगा आणि नातू मेथडिस्ट घरात जन्मले होते. त्यांनी काही सोडून हा मार्ग धरलेला नव्हता. प्रौढ निर्णयावर उभ्या असलेल्या संघटनेची दुसरी पिढी जन्माने येऊ लागते, हा सेक्टपुढचा सर्वांत अवघड पेच असतो. आपल्याच मुलांना पारख करून बाहेर ठेवावे की पारखच सैल करावी, याचा निर्णय त्या पिढीला घ्यावा लागतो.

पुढचे टप्पे कागदावर सापडतात. १७९५ मध्ये ठरावीक अटींवर मेथडिस्ट प्रार्थनागृहांतच प्रभुभोजन देण्याची मुभा मिळाली, म्हणजे मूळ चर्चशी असलेली नाळ तुटली. १८१८ मध्ये उपदेशकांना ‘रेव्हरंड’ ही उपाधी लावायला मान्यता मिळाली आणि १८३४ मध्ये त्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढायचे ठरले. सामान्यांमधून उठलेल्या उपदेशकाची जागा हळूहळू पगारी, शिकलेला धर्मगुरू घेऊ लागला. १८२७ मध्ये लीड्स येथील ब्रन्सविक प्रार्थनागृहात ऑर्गन बसवण्यावरून मोठा वाद पेटला. धनिक विश्वस्तांना ऑर्गन हवा होता, स्थानिक म्होरक्यांचा त्याला विरोध होता, आणि मध्यवर्ती परिषदेने विश्वस्तांची बाजू घेतल्यावर सुमारे हजारभर सदस्य फुटून निघाले. वाद्याचे केवळ निमित्त होते. आठवड्याला पेनी देणाऱ्यांची संघटना आता ऑर्गनचा खर्च उचलणाऱ्यांच्या हाती गेली होती, आणि ते ज्यांना कळले ते बाहेर पडले.

त्याही आधी, ३१ मे १८०७ रोजी, माउ कॉप नावाच्या टेकडीवर दिवसभराची उघड्यावरची प्रार्थनासभा भरली होती. जे वेस्लींनी १७३९ मध्ये केले तेच येथे घडले. पण मेथडिस्ट परिषदेने त्याच वर्षी अशा सभांना नापसंती दर्शवली आणि ह्यू बोर्न व विल्यम क्लोज या पुढाऱ्यांना नंतर काढून टाकले. त्यांच्यामागे आलेल्यांनी १८१२ मध्ये ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ हे नाव घेतले. एकेकाळचे सेक्ट आता इतके रुळले होते की त्याच्याच पोटातून नवे सेक्ट फुटले. हे नवे सेक्टही शतकभरात त्याच वाटेने गेले, त्याचीही पक्की प्रार्थनागृहे उभी राहिली, आणि १९३२ मध्ये इंग्लंडमधील प्रमुख मेथडिस्ट शाखा पुन्हा एक झाल्या. एकदा प्रत्येक गट स्वतःला अनेक वैध मार्गांपैकी एक मानू लागला की वेगळे राहण्याचे कारणच उरत नाही. डिनॉमिनेशनची खरी खूण हीच आहे: सत्य आपल्याकडेच आहे हा दावा ती सोडते आणि शेजाऱ्याला तो देवाचाच माणूस आहे असे म्हणू शकते.

मात्र ही वाट केवळ आतून घडत नाही, आणि नीबूर यांच्या आधारे लिहिलेल्या उत्तरांत नेमकी हीच बाजू सुटते. डिनॉमिनेशन होण्यासाठी भोवतालच्या राज्यसंस्थेने अनेकांना जागा द्यावी लागते. इंग्लंडमध्ये १६८९ च्या कायद्याने वेगळ्या उपासनेला मर्यादित मोकळीक मिळाली, सरकारी पदांवरची धर्मविषयक अट १८२८ मध्ये गेली आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बहुतेक पदव्या व पदांवरची १८७१ मध्ये. मेथडिस्ट जितके जगाकडे सरकले तितकेच जगही त्यांच्याकडे सरकले.

आणि प्रत्येक सेक्ट असे बदलतेच असेही नाही. ब्रायन विल्सन यांनी १९५९ मध्ये दाखवले की नवे लोक मिळवण्यावर भर देणारी सेक्ट लवकर सैल होतात, कारण त्यांना सतत बाहेरच्यांशी बोलावे लागते. जगापासून दूर राहणारी सेक्ट टिकतात. अमेरिकेतील अमिश लोक याचे ठळक उदाहरण आहेत. त्यांच्यात बाप्तिस्मा प्रौढपणीच होतो, लग्न आपल्यातच होते, वेगळा पोशाख आणि घोडागाडी यांमुळे सीमा रोज डोळ्यांना दिसते, आणि आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला. दुसऱ्या पिढीचा पेच त्यांनी पारख सैल न करता, मुलांचे जगच वेगळे ठेवून सोडवला. ‘सेक्ट कालांतराने डिनॉमिनेशन बनते’ हे वाक्य म्हणूनच नियम म्हणून लिहू नये. कोणत्या अटींवर बनते, ते लिहावे.

कल्टविषयी सर्वाधिक गोंधळ होतो, कारण वृत्तपत्रांनी या शब्दाला सामूहिक आत्महत्या आणि फसवणुकीचा वास लावला आहे. १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाउन येथे नऊशेहून अधिक माणसे मेली, त्यानंतर तर हा शब्द शिवीसारखाच झाला. समाजशास्त्रातला भेद यापेक्षा कोरडा आणि अधिक उपयोगी आहे. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांच्या मांडणीनुसार सेक्ट आणि कल्ट या दोहोंचा समाजाशी ताण असतो. फरक उगमाचा आहे. सेक्ट जुन्या परंपरेतून फुटते आणि मूळ शुद्ध रूपाकडे परत चाललो आहोत असे म्हणते. कल्ट त्या समाजाला सर्वस्वी नवे असते; ते तिथेच नव्याने जन्मलेले असते किंवा बाहेरून आलेले असते. १९६६ मध्ये भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांनी न्यूयॉर्कमध्ये इस्कॉनची स्थापना केली, तेव्हा डोके मुंडलेली, टाळ-मृदंग घेऊन फुटपाथवर नाचणारी अमेरिकन मुले तिथल्या समाजाला पूर्णपणे परकी होती. त्या जागी इस्कॉन हे कल्ट होते. मुंबईत जुहूला आलेल्या भाविकासाठी मात्र कृष्ण, तुळस, एकादशी आणि नामसंकीर्तन यांत काहीच नवे नव्हते. चैतन्य महाप्रभूंच्या सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या परंपरेची ती एक शाखा होती. एकाच संघटनेला एकाच काळात एका शहरात कल्ट म्हणावे लागते आणि दुसऱ्या शहरात तसे म्हणताच येत नाही, यावरून हे नाव कोणाच्या कपाळावर कायमचे चिकटवता येत नाही हे उघड होते.

आता कार्यांकडे येऊ. एमिल द्युर्केम यांनी १९१२ मध्ये केलेल्या व्याख्येत धर्म म्हणजे पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, जे पाळणाऱ्यांना एका नैतिक समुदायात एकत्र आणतात. त्यांच्यासमोर ऑस्ट्रेलियातील आदिवासींची उदाहरणे होती, जिथे धर्माचा समुदाय आणि समाज हे एकच होते. अशा ठिकाणी धर्म समाजाला एकत्र बांधतो हे वाक्य बिनचूक ठरते. चर्च या प्रकारातही ते बऱ्याच अंशी लागू पडते: जन्म, विवाह, मृत्यू आणि राज्याभिषेक एकाच वेदीसमोर होत असतील तर ती वेदी सर्वांची होते. पण न्यूकॅसलच्या यादीतल्या बारा आईवडिलांना विचारा; त्यांच्या घरात धर्माने ऐक्य आणले नव्हते, फूट पाडली होती. सेक्ट आतल्यांना जितके घट्ट बांधते तितकेच बाहेरच्यांपासून तोडते. रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: एकाच समाजात अनेक धर्म असताना ‘धर्म समाजाचे ऐक्य साधतो’ हे गृहीत धरता येत नाही, आणि कार्य कोणासाठी, अपकार्य कोणासाठी हे प्रत्येक वेळी विचारावेच लागते.

मेथडिझमवर हा प्रश्न लावला की मोठा ऐतिहासिक वाद समोर येतो. फ्रेंच इतिहासकार एली हालेव्ही यांचे म्हणणे असे की फ्रान्ससारखी क्रांती इंग्लंडमध्ये झाली नाही याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मेथडिझमला जाते. त्याने कामगारांच्या असंतोषाला शिस्तीचे आणि मोक्षाचे वळण दिले. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये ही बाजू कठोर शब्दांत मांडली: मेथडिझमने कारखानदाराला वेळेवर येणारा, दारू न पिणारा, आज्ञाधारक मजूर घडवून दिला. मार्क्स यांचे धर्म ही लोकांची अफू आहे हे वचन इथे चपखल बसेल असे वाटते. पण १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, मजुरी कपातीविरुद्ध संघटना बांधून गुप्त शपथ घेतली म्हणून, सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हा त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट स्थानिक उपदेशक होता आणि त्याच्या साथीदारांपैकी बहुतेक जण मेथडिस्टच होते. सभेत उभे राहून बोलणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, बारा जणांचा गट बांधणे आणि तो टिकवणे या गोष्टी ते प्रार्थनागृहात शिकले होते. पुढे डरहॅमच्या खाणकामगार संघटनांचे अनेक पुढारी प्रिमिटिव्ह मेथडिस्टांतून आले.

मग मेथडिझमने क्रांती थोपवली की कामगार चळवळ घडवली? माझ्या मते दोन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी, आणि फरक पुन्हा प्रकाराशी जाऊन भिडतो. ऑर्गनचा खर्च उचलणाऱ्या विश्वस्तांच्या हाती गेलेली, डिनॉमिनेशन होत चाललेली मुख्य शाखा सरकारला आपल्या निष्ठेची ग्वाही देत होती. मजुरांच्या झोपड्यांत आणि टेकडीवरच्या सभांत जिवंत असलेला, अजून सेक्टच्या अवस्थेतला मेथडिझम माणसांना आपल्या पायांवर उभे करत होता. हालेव्ही आणि थॉम्पसन यांच्या नावांची दोन वाक्ये लिहून थांबण्याऐवजी हा दुवा लिहिला, तर परीक्षकाला तक्त्याची उणीव भासणार नाही. दोन पानी उत्तरात गोवा, न्यूकॅसल आणि टॉलपडल एवढी तीन उदाहरणे पुरेशी आहेत. वेबर, ट्रोल्च, नीबूर, जॉन्सन, द्युर्केम आणि मर्टन यांची नावे त्या उदाहरणांच्या ओघातच येतात.

उत्तराच्या शेवटी या मांडणीची मर्यादा लिहिणे आवश्यक आहे, आणि तिथे ‘ही मांडणी ख्रिस्तीकेंद्री आहे’ एवढे म्हणून भागत नाही. नेमके काय लागू पडत नाही ते सांगावे. ही सर्व मांडणी एका गृहीतावर उभी आहे: माणूस एका वेळी एकाच धर्मसंघटनेचा असतो आणि दुसरीत जायचे तर पहिली सोडावी लागते. वारकऱ्याला हे गृहीत लागू पडत नाही. तो तुळशीची माळ घालतो, मांसाहार आणि मद्य सोडतो, एकादशी आणि पंढरीची वारी पाळतो. म्हणजे प्रवेशाचा वैयक्तिक निर्णय आणि आचाराची शिस्त ही सेक्टची दोन्ही लक्षणे त्याच्याकडे आहेत. पण तो आपल्या जातीतून, कुलदैवतातून किंवा गावच्या जत्रेतून बाहेर पडत नाही, आणि त्याची दिंडी सोडून जाणाऱ्याला कोणी सदस्यत्वाचे तिकीट परत मागत नाही. ज्याने काही सोडलेलेच नाही त्याच्या गटाला सेक्ट म्हटले तर त्या शब्दातला ताण हरवतो.

ख्रिस्ती धर्माच्या आतूनही महाराष्ट्रात ही चौकट ओलांडण्याचा प्रयत्न झालेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बरोबरीने असावेत, अशी त्यांची कल्पना होती. प्रस्थापित मिशनपासून फुटून निघणे हे सेक्टचे लक्षण आहे. पण सेक्ट फुटते ती दार अधिक अरुंद करण्यासाठी, आणि टिळक फुटले ते बाप्तिस्म्याची अटच उंबऱ्यावरून काढून टाकण्यासाठी. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग पुढे कोणत्या वाटेने गेला असता ते पाहायला मिळाले नाही. मात्र वेबर यांनी चर्च आणि सेक्ट यांच्यातला भेद प्रवेशाच्या ज्या दाराशी ठेवला होता, त्याच दाराशी टिळकांनी तिसरी शक्यता उभी केली होती, आणि चारही रकान्यांत तिला जागा नाही.